शुक्रवारीच पाठवली होती: मेलमधला ‘च’ इंग्रजीत नेताना

खराडीतल्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथे परदेशी ग्राहकांना जाणारे नाजूक मेल आधी माझ्या नजरेखालून जातात. एक मेल मात्र घाईत तसाच गेला. लंडनच्या ग्राहकाला महिन्याच्या हिशेबाची फाइल सोमवारी सकाळी हवी होती. आमच्या टीममधल्या मुलाने ती शुक्रवारी दुपारीच पाठवून दिली होती. तिकडे ती कुणी उघडलीच नाही, आणि सोमवारी त्यांच्याकडून जरा चढ्या आवाजात विचारणा आली. फाइलचा फॉरमॅटही त्यांना पटला नव्हता. आमच्या मुलाने चार ओळींचं उत्तर लिहिलं:

आय हॅड सेंट द फाइल ऑन फ्रायडे ओन्ली.
युअर टीम ओन्ली आस्क्ड फॉर द ओल्ड फॉरमॅट.
वी आर चेकिंग इट नाउ ओन्ली.
आय विल सेंड द करेक्टेड फाइल टुडे इटसेल्फ.

ग्राहकाचं उत्तर तासाभरात आलं. शुक्रवारपर्यंत कशासाठी थांबलात, आणि आज सोमवार उजाडल्यावर तपासायला घेताय का, असा त्याचा सूर होता. मुलगा माझ्या टेबलापाशी आला तेव्हा खरोखर गोंधळलेला होता. “मॅडम, मी तेच तर लिहिलंय ना, शुक्रवारीच पाठवली होती म्हणून!”

त्याच्या मनातलं मराठी वाक्य बिनचूक होतं. मेलमध्ये पोचलेलं इंग्रजी वाक्य मात्र जवळजवळ उलटं बोलत होतं. असं का होतं आणि मेल पाठवण्याआधी ते कसं पकडायचं, ते सांगते.

एका ‘च’ची तीन कामं

वेळेच्या शब्दाला लागलेला ‘च’ मराठीत निदान तीन वेगवेगळी कामं करतो. “बँकेचं ते काउंटर शुक्रवारीच उघडं असतं” म्हटलं की अर्थ होतो फक्त शुक्रवारी, इतर दिवशी नाही. “अहो, शुक्रवारीच तर आलो गावाहून” म्हणजे अगदी नुकता आलोय, त्याआधी इथे नव्हतो. आणि “शुक्रवारीच पाठवली होती” म्हणजे केव्हाची पाठवली, सोमवारची वाट पाहिली नाही. तिन्ही वाक्यांत शब्द तोच. कुठला अर्थ घ्यायचा ते आपण बोलण्याच्या ओघावरून आणि ‘तर’, ‘होती’ अशा सोबतच्या शब्दांवरून क्षणात ओळखतो, त्यामुळे हे तीन अर्थ आहेत हेच आपल्या लक्षात येत नाही.

इंग्रजी ओन्ली यांपैकी पहिली दोन कामं करतं. ते ‘फक्त’ सांगतं, आणि ‘नुकतंच, त्याआधी नाही’ हेही सांगतं. तिसरं काम, म्हणजे ‘इतक्या लवकर, केव्हाचंच’, ते करत नाही. आपण मेलमध्ये स्वतःची बाजू मांडतो तेव्हा मात्र आपल्याला नेमका हाच तिसरा ‘च’ हवा असतो. म्हणून ‘ऑन फ्रायडे ओन्ली’ वाचणाऱ्या लंडनच्या माणसाला दुसरा अर्थ दिसला: शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवलीच नव्हती. आम्ही आपल्याच हाताने उशिराची कबुली देऊन बसलो होतो.

ओन्ली शेवटी टाकण्याची सवयही मराठीतून येते. ‘च’ नेहमी शब्दाच्या मागून चिकटतो, विभक्तीचा प्रत्यय लागून झाल्यावर: पुण्यातच, शुक्रवारीच, आल्यावरच. तोच क्रम आपण इंग्रजीत पाळतो. इंग्रजीतही ओन्ली शेवटी येतं, पण तिथे ते मर्यादा घालतं. ‘लेडीज ओन्ली’, ‘मेंबर्स ओन्ली’ या पाट्या आठवा. बाहेरचा वाचक ‘फ्रायडे ओन्ली’ हे त्याच पाटीसारखं वाचतो.

इटसेल्फची गोष्ट वेगळी आहे. ‘टुडे इटसेल्फ’ इंग्लंड-अमेरिकेत कुणी लिहीत नाही, त्यांना ते विचित्र वाटेल, पण त्यातून उलटा अर्थ निघत नाही. आज मिळणार एवढं त्यांना कळतं. त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे. इटसेल्फ खटकतं, ओन्ली दगा देतं. हातात वेळ थोडा असेल तर आधी ओन्ली तपासा.

पहिली पायरी: शोधा आणि मराठीत वाचा

मेल लिहून झाला की मेलमधली शब्द शोधण्याची सोय वापरून ओन्ली आणि इटसेल्फ हे दोन्ही शब्द शोधा. नुसतं वाचून ते सापडत नाहीत, कारण आपल्या कानाला ते खटकतच नाहीत. सापडलेलं प्रत्येक वाक्य मनात मराठीत म्हणा आणि ‘च’ नक्की कुठल्या शब्दाला लागलाय ते बघा. वेळेला, जागेला, माणसाला, आकड्याला की क्रियापदाला? ‘वी आर चेकिंग इट नाउ ओन्ली’ मराठीत ‘आत्ताच बघतोय’ होतं, म्हणजे ‘च’ वेळेला आहे. ‘युअर टीम ओन्ली आस्क्ड’ मराठीत ‘तुमच्याच टीमने मागितला होता’ होतं. इथे ‘च’ माणसांना आहे. इंग्रजीत मात्र क्रियापदाआधी आलेलं ओन्ली त्या क्रियापदाकडे किंवा त्यापुढच्या शब्दांकडे जातं. वाचणाऱ्याला वाटतं, तुमच्या टीमने नुसतं विचारलं होतं, किंवा जुना फॉरमॅट सोडून दुसरं काहीच मागितलं नव्हतं. दोन्ही अर्थ आपल्याला नको आहेत.

दुसरी पायरी: ‘फक्त’ लावून बघा

ही चाचणी मी टीममधल्या सगळ्यांना आधी शिकवते, कारण तिला इंग्रजी व्याकरण लागत नाही. ‘च’ काढा आणि त्या शब्दाआधी ‘फक्त’ ठेवा. अर्थ तोच राहिला तर ओन्ली बरोबर आहे. अर्थ बदलला तर ओन्ली चुकीचं आहे.

“दोनच फाइल आल्या” घ्या. “फक्त दोन फाइल आल्या.” अर्थ तोच. मग ओन्ली ठेवा, पण आकड्याच्या आधी आणा: वी रिसीव्ह्ड ओन्ली टू फाइल्स. “मंजुरी मिळाल्यावरच काम सुरू करू” घ्या. “फक्त मंजुरी मिळाल्यावर” असं म्हणून बघितलं तर तेही चालतं. म्हणून ‘वी विल स्टार्ट ओन्ली आफ्टर अप्रूव्हल’ हे शुद्ध इंग्रजी आहे.

आता “आजच पाठवते” घ्या. “फक्त आज पाठवते” म्हटलं की वाक्याचा चेहरा बदलतो. जणू उद्यापासून पाठवणार नाही. चाचणी फसली, ओन्ली गेलं. “मी पुण्यातच आहे” याचंही तसंच. फोनवर आपण हे ‘कुठेही गेलेलो नाही, इथेच आहे’ अशा अर्थाने म्हणतो. ‘फक्त पुण्यात आहे’ याला काही अर्थच नाही. म्हणून ‘आय ॲम इन पुणे ओन्ली’ काढून ‘आय ॲम स्टिल इन पुणे’ किंवा नुसतं ‘आय ॲम इन पुणे’ लिहायचं.

एका ठिकाणी ही चाचणी अपुरी पडते. “कालच आले” म्हणजे ‘अगदी नुकती आले’ या अर्थाला ‘फक्त काल’ लागत नाही, पण इंग्रजीत ‘आय केम बॅक ओन्ली येस्टर्डे’ बरोबर आहे. म्हणून भूतकाळातल्या वेळेपाशी आलात की वेगळा प्रश्न विचारा. मला ‘लवकर’ म्हणायचंय की ‘नुकतं’? ‘नुकतं’ असेल तर ओन्ली राहू द्या, फक्त दिवसाच्या आधी आणा. ‘लवकर’ असेल तर ते काढायलाच हवं.

तिसरी पायरी: इटसेल्फला ‘खुद्द’ लावून बघा

इटसेल्फसाठी ‘फक्त’ऐवजी ‘खुद्द’ वापरा. खुद्द फाइलच बिघडली आहे, ती उघडणारा प्रोग्रॅम ठीक आहे: द फाइल इटसेल्फ इज करप्ट. हे बरोबर, कारण एका वस्तूला तिच्या आजूबाजूच्या गोष्टींपासून वेगळं काढलंय. आमचा कारखाना खुद्द पुण्यात नाही, चाकणला आहे: अवर प्लांट इज नॉट इन पुणे इटसेल्फ. हेही बरोबर, आणि पुण्याला भेटीसाठी येणाऱ्या पाहुण्याला हे वाक्य फार कामाचं आहे. चाकण पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर आहे आणि तिथपर्यंतच्या रस्त्यावर गर्दीत किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे हॉटेल कुठे घ्यायचं ते त्याला आधी कळतं.

‘खुद्द आज’ मात्र म्हणता येत नाही. ‘खुद्द सकाळी’, ‘खुद्द सुरुवातीला’ही नाही. म्हणून ‘टुडे इटसेल्फ’, ‘इन द मॉर्निंग इटसेल्फ’, ‘इन द बिगिनिंग इटसेल्फ’ तिन्ही जातात. शेवटच्याला इंग्रजीत सोपा पर्याय आहे, राइट ॲट द स्टार्ट. पहिल्या दोघांचं काय करायचं, ते आता.

चौथी पायरी: ‘च’चा जोर दुसऱ्या वाटेने द्या

इथे बहुतेक जण चुकतात. ओन्ली काढून तिथे दुसरा जोरदार शब्द शोधू लागतात. डेफिनेटली, शुअरली, व्हेरी टुडे असलं काहीतरी येतं आणि मेल आणखी बिघडतो. इंग्रजीत ‘च’साठी एक शब्द नाही. बोलताना ते आवाजाने जोर देतात, टुडे हा शब्द दाबून उच्चारतात, आणि कागदावर तो आवाज जात नाही. कागदावर त्यांच्याकडे मुख्य साधन उरतं ते जागेचं. वाक्याच्या शेवटी आलेल्या शब्दावर वजन पडतं. म्हणून ‘यू विल हॅव इट टुडे’ एवढ्यात ‘आजच’ पुष्कळसा आलेला असतो. आपण त्यामागे इटसेल्फ लावतो तेव्हा ती शेवटची जागा उलट टुडेकडून काढून घेतो.

त्याहून भक्कम साधन आहे वेळ. ‘आजच’ म्हणताना तुम्ही समोरच्याला भरवसा देत असता, आणि लेखी भरवसा घड्याळाने देता येतो: यू विल हॅव इट बाय सिक्स पी.एम. इंडियन टाइम टुडे. परदेशी ग्राहक असेल तर हे टाळूच नका, कारण ‘आज’ दोघांचा एक नसतो. आपले संध्याकाळचे 6 म्हणजे लंडनला उन्हाळ्यात दुपारचे 1:30 आणि हिवाळ्यात 12:30. न्यू यॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे 8:30 वाजलेले असतात, माणूस अजून ऑफिसला पोचायचा असतो. नुसत्या ‘टुडे’वर त्याला वाटेल त्याच्या दिवसाच्या शेवटापर्यंत, आणि तेव्हा आपल्याकडे दुसरा दिवस उजाडत आलेला असतो. किती वाजता हे ठरवता येत नसेल तर ‘आजच’ तरी कशाच्या जोरावर लिहितोय, हे एकदा स्वतःला विचारायला हवं. माझ्या पाहण्यात कितीतरी ‘टुडे इटसेल्फ’ वेळ न ठरवताच लिहिलेले असतात.

भूतकाळातही तोच उपाय. ‘लवकर’ या अर्थाच्या ‘च’साठी ऑलरेडी हा शब्द सुचतो आणि तो व्याकरणाने बरोबर आहे. पण ‘आय ऑलरेडी सेंट इट’ यात ‘किती वेळा सांगायचं’ असा वैताग डोकावतो. मी ऑलरेडी शेवटचा पर्याय ठेवते. तारीख आणि वेळ लिहिली, जुना मेल सोबत जोडला, की तो माणूस स्वतःच म्हणतो, अरे, ही तर केव्हाची आलीय.

माणसाला लागलेल्या ‘च’पाशी थोडं थांबा. ‘तुम्हीच सांगितलं होतं’ हे पुण्यात सहज म्हटलं जातं, कधी भांडणात, कधी नुसती आठवण म्हणून. इंग्रजीत ‘इट वॉज यू हू टोल्ड मी’ असं नेमकं रूप आहे, पण लेखी स्वरूपात ते बोट दाखवल्यासारखं लागतं. ग्राहकाला लिहिताना माणसावरचा जोर काढून टाका आणि वाक्याची सुरुवात ‘ॲज’ने करा: ॲज युअर टीम रिक्वेस्टेड. कोणी मागितलं ते सांगून होतं आणि आरोपही होत नाही.

क्रियापदाच्या ‘च’बद्दल थोडक्यात. ‘मेल आलाच नाही’ याचं ‘द मेल डिड नॉट कम ओन्ली’ करू नका. वाचणारा पुढे ‘बट’ येईल म्हणून वाट बघत बसतो. वी हॅव नॉट रिसीव्ह्ड द मेल, एवढं पुरतं. फारच ठासून सांगायचं असेल तर शेवटी ॲट ऑल. ‘म्हणूनच’चं दॅट इज व्हाय ओन्ली होतं, त्यातलं ओन्ली नुसतं खोडा. ‘तीच फाइल’साठी सेम फाइल म्हणा, सेम फाइल ओन्ली नको.

तो चार ओळींचा मेल, पुन्हा

त्या दुपारी मी आणि तो मुलगा शेजारी बसून एकेक ओळ घेत गेलो.

पहिली ओळ, शुक्रवारीच. ‘फक्त’ लावून पाहिलं, चाललं नाही. ‘लवकर’ की ‘नुकतं’ विचारलं, तो म्हणाला लवकर. मग पाठवलेल्या मेलची वेळ काढली, शुक्रवार दुपारी 4:10. ओळ झाली: आय सेंट द फाइल ऑन फ्रायडे ॲट फोर टेन पी.एम. इंडियन टाइम, द मेल इज अटॅच्ड. जाता जाता ‘हॅड सेंट’चं ‘सेंट’ केलं. ‘पाठवली होती’मधला ‘होती’ आपण हॅड म्हणून नेतो, पण एकट्या घटनेला इंग्रजीत तो लागत नाही.

दुसरी ओळ, तुमच्याच टीमने. इथे तो थोडा अडला. “पण मॅडम, चूक त्यांचीच आहे ना?” चूक त्यांची होती हे खरं, आणि ते कळायलाही हवं होतं. मी त्याला मागणीचा मेल शोधायला सांगितलं. तो महिन्याच्या 3 तारखेचा निघाला. ओळ झाली: ॲज युअर टीम रिक्वेस्टेड ऑन द थर्ड, वी यूज्ड द ओल्ड फॉरमॅट. जो भार ‘च’ उचलत होता तो तारखेने उचलला.

तिसरी ओळ, आत्ताच बघतोय. त्याला म्हणायचं होतं, तुमचा मेल आला तसा लगेच हातात घेतला. ‘नाउ ओन्ली’ने सांगितलं, आत्ता कुठे बघायला घेतलंय. ओन्ली खोडलं आणि ‘वी आर चेकिंग इट नाउ’ एवढंच ठेवलं. त्यात काही घालायची गरज नव्हती.

चौथी ओळ, आजच. किती वाजता होईल विचारल्यावर तो आधी पाच म्हणाला, मग आकड्यांची फेरतपासणी धरून सहा म्हणाला. ओळ झाली: यू विल हॅव द करेक्टेड फाइल बाय सिक्स पी.एम. इंडियन टाइम टुडे, वन थर्टी युअर टाइम. जूनचा महिना होता, म्हणून दीड.

आधीच्या मेलमधली पहिली ओळ चुकीची समजली जाईल अशी होती, एवढं एका वाक्यात कबूल करून हा मेल गेला. फाइल 5:40ला गेली. ग्राहकाचं उत्तर एका ओळीचं आलं. शुक्रवारचा मेल त्यांच्याकडे एका रजेवरच्या माणसाच्या पेटीत पडून होता.

काय खोडू नये

ही सवय लागली की काही जण दिसेल ते ओन्ली खोडू लागतात. ते जास्त धोक्याचं आहे. ‘ओन्ली आफ्टर अप्रूव्हल’मधलं ओन्ली काढलं की मंजुरीची अट सैल होते, आणि करारात हा एक शब्द पैशाचा असतो. बिलावर अक्षरी रकमेनंतर येणारं ओन्ली, आपण धनादेशावर लिहितो त्या ‘फक्त’सारखंच, पुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून असतं, त्याला हात लावू नका. ‘फॉर इंटर्नल यूज ओन्ली’ही तसंच राहू द्या. ‘फक्त’ची चाचणी या सगळ्यांना पास करते, म्हणून खोडण्याआधी ती प्रत्येक वेळी करायची.

आणि मेल कोणाला जातोय ते बघा. कोथरूडच्या सहकाऱ्याला ‘विल सेंड टुडे इटसेल्फ’ लिहिलंत तर तो नेमकं ‘आजच’ वाचतो. हिंदीवाल्याकडे ‘ही’ आहे, गुजरात्याकडे ‘ज’, तमिळ माणसाकडे शब्दाच्या शेवटी लागणारा ‘ए’, त्यामुळे दिल्ली, अहमदाबाद, चेन्नईतही ते बरोबर पोचतं. हे आपलं भारतीय इंग्रजी आहे आणि आपसात ते चोख काम करतं. तिथे मी कुणाची वाक्यं दुरुस्त करत नाही. मात्र त्याच मेलवर पुढेमागे परदेशी ग्राहकाला घेतलं जाण्याची शक्यता असेल, तर खालची जुनी वाक्यंही त्याच्यापर्यंत जातात. अशा धाग्यात पहिल्या मेलपासून ‘शुक्रवारीच’च्या जागी शुक्रवार आणि घड्याळातली वेळ लिहा.